डोमेन संपलं, साइट-मेल बंद. ४५ दिवस असतात म्हणे, थांबू का?

उदगीरकर | १४ जून, रात्री ९:४०

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. मेव्हण्याची लातूरला दाळमिल आहे. तीनेक वर्षांमागं एका ओळखीच्या पोरानं वेबसाइट करून दिली, आणि त्याच नावावर ऑफिसचा ईमेलही चालतो. बाहेरच्या राज्यातले व्यापारी भाव, सॅम्पलचे रिपोर्ट, पेमेंटचे कागद सगळं त्यावरच धाडतात. आता आठवड्यापासून साइट उघडली की भलत्याच जाहिरातींचं पान येतंय. मेल तर एकही नाही. व्यापाऱ्यांचे उलट फोन यायलेत की मेल का घेत नाही म्हणून.

हूइज काढून बघितलं. नाव बदलून खाली देतो.

```
Domain Name: EXAMPLE.COM
Registry Expiry Date: 2027-06-03
Registrar Registration Expiration Date: 2026-06-03
```

एकाच पानावर दोन तारखा. २०२७ खरं धरलं तर डोमेन चालू पाहिजे, २०२६ खरं धरलं तर ते ३ जूनलाच संपलंय. होस्टिंगचे पैसे डिसेंबरपर्यंत भरलेले आहेत, पावती आहे.

तो पोरगा आता पुण्यात नोकरीला असतो. फोनवर म्हणाला, "४५ दिवस असतात, निवांत करू, मी जुलैत गावाकडं आलो की बसू." थांबावं का? आणि मधल्या मेलचं काय?

---

सायबर_परळी | १४ जून, रात्री ९:५८

होस्टिंगवाल्याला फोन लावा. पैसे घेऊन साइट बंद ठेवतात म्हणजे काय! आधी सगळ्या फायलींचा बॅकअप मागा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं असंच झालं होतं, सर्व्हरच उडाला होता.

---

नांदेडचा_मास्तर | १४ जून, रात्री १०:२०

परळीकर, सर्व्हर उडाला असता तर जाहिरातीचं पान आलं नसतं, एरर आली असती. हे डोमेनचंच आहे.

उदगीरकर, काळजी नको. डोमेन संपल्यावर ४५ दिवसांची सवलत असते, तो डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन संस्थेचा नियमच आहे. तोवर नेहमीच्याच फीमध्ये रिन्यू होतं. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात दंड भरून परत मिळतं. मेलचंही तसंच, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर ५ दिवस रांगेत उभे राहतात आणि डोमेन सुरू झालं की सगळे येऊन पडतात. मुलाला जुलैत येऊ द्या.

---

वाळूजकर | १४ जून, रात्री ११:०५

जुलैची वाट बघू नका.

मास्तर, ४५ चा आकडा खरा आहे, पण ती सवलत ग्राहकाला दिलेली नाही. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइनकडे असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तुम्ही ज्याला पैसे देता तो रजिस्ट्रार. डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्री कुणाला न विचारता ते एक वर्षानं पुढं ढकलते आणि त्या वर्षाची फी रजिस्ट्रारच्या खात्यातून कापून घेते. आता गिऱ्हाइकानं पैसे भरलेच नाहीत तर रजिस्ट्रारला ते नाव डिलीट करून फी परत घेता यावी, म्हणून त्याला ४५ दिवस देतात. हा हिशोब त्या दोघांमधला आहे. त्या ४५ पैकी तुम्हाला किती द्यायचे हे रजिस्ट्रार आपल्या करारनाम्यात लिहितो. कुणी ३० देतो, कुणी ४०, कुणी त्याहून कमी.

दोन तारखांचा घोळही यातूनच होतो. रजिस्ट्रीनं आपोआप ढकलली ती २०२७ आणि तुमचे पैसे जिथवर भरलेत ती २०२६. तुमच्या कामाची दुसरी. अर्धे लोक पहिली ओळ वाचून "अजून वर्ष आहे" म्हणत स्वस्थ बसतात.

आयकॅनचा जो नियम ग्राहकाच्या बाजूनं आहे तो वेगळा. रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक सूचना पाठवायची, संपल्यानंतर ५ दिवसांच्या आत आणखी एक. आणि रिन्यू करता येण्याच्या काळातले शेवटचे निदान ८ दिवस डोमेनचा चालू रस्ता तोडून ठेवायचा, म्हणजे ज्यानं मेल वाचला नाही त्याला साइट बंद पडलेली तरी दिसेल. बहुतेक रजिस्ट्रार ८ दिवसांची वाट बघत नाहीत, संपल्यावर दोन-चार दिवसांतच नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलून आपल्या पार्किंगच्या पानाकडे वळवतात. तुमच्या जाहिराती तिथल्याच.

---

उदगीरकर | १४ जून, रात्री ११:२२

सर, मग १८ जुलैपर्यंत तरी धरून चालायचं का? ३ जून अधिक ४५.

---

वाळूजकर | १४ जून, रात्री ११:४८

नाही, आणि खरी भीती इथंच आहे. बरेच रजिस्ट्रार मुदत संपलेलं नाव डिलीट करायच्या आधीच लिलावात काढतात. तीन-चार आठवडे झाले की यादीत टाकतात. कुणी बोली लावून घेतलं तर नाव रजिस्ट्रीकडे डिलीट होतच नाही, फक्त मालक बदलतो. आणि डिलीट झालं नाही तर रिडेम्प्शनही नाही. मास्तरांनी जे ३० दिवस सांगितले ते फक्त डिलीट झालेल्या नावाला लागू होतात.

तुमच्याच तारखा धरून सांगतो. समजा लिलावात कुणी घेतलं नाही आणि रजिस्ट्रारनं ३५व्या दिवशी, ८ जुलैला डिलीट केलं. तिथून ७ ऑगस्टपर्यंत रिडेम्प्शन, जादा फी भरून सोडवता येईल. मग ५ दिवस `pendingDelete`, त्यात मालकालाही काही करता येत नाही, कितीही पैसे देतो म्हणा. १२ ऑगस्टच्या सुमारास नाव मोकळं होतं आणि टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रं ते पहिल्या काही सेकंदांत उचलतात. हा झाला चांगला मार्ग. वाईट मार्गात तुमचं नाव जुलैच्या पहिल्या आठवड्यातच दुसऱ्याचं झालेलं असेल आणि पोरगा गावाकडं यायला एसटीत बसलेला असेल.

उद्या सोमवार आहे, उद्याच पैसे भरा. करारनामा नंतर वाचू.

---

गोदाकाठ_पैठण | १५ जून, सकाळी ७:१५

आमच्या संस्थेचं डॉट कॉम रिडेम्प्शनमध्ये गेलं होतं, म्हणून लिहिते. नेहमीचं रिन्यूअल हजार-बाराशेचं. सोडवायला नऊ हजारांच्या वर मागितले, वर एका वर्षाची फी वेगळी. ट्रस्टी म्हणाले एवढे कशाला, नवीन नाव घ्या. पण माहितीपुस्तकं छापून झालेली, पाटीवर पत्ता रंगवलेला, शेवटी भरले. हूइजमध्ये `redemptionPeriod` दिसत होतं ते `pendingRestore` झालं आणि दुसऱ्या दिवशी नाव परत आलं.

एक फरक मला तेव्हा जाणवला. आधी साइटवर जाहिराती होत्या, रिडेम्प्शनमध्ये गेल्यावर तेही गेलं, "हा पत्ता सापडत नाही" एवढंच. आणि मेल पाठवणाऱ्याला लगेच उलट उत्तर यायचं. आधी तसं होत नव्हतं, दोन-तीन दिवसांनी यायचं. असं का, हे कुणी सांगितलं नाही. वाळूजकर दादा, ठाऊक असेल तर सांगा.

---

उदगीरकर | १५ जून, सकाळी ८:०२

ताई, आमच्याकडंही उशिराच येतंय. एका व्यापाऱ्यानं जीमेलचा स्क्रीनशॉट धाडला. वर `Delivery incomplete` असं आहे आणि खाली लिहिलंय की तात्पुरती अडचण आहे, अजून ४६ तास प्रयत्न करत राहू.

---

वाळूजकर | १५ जून, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

मेल पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतो, या डोमेनची टपाल कोण घेतो? ते उत्तर एमएक्स नोंदीत असतं. तुमची नोंद तुमच्या जुन्या नेमसर्व्हरवर अजून जशीच्या तशी आहे, पण जग आता त्या नेमसर्व्हरकडे जातच नाही, पार्किंगवाल्याकडे जातं. तिथं एमएक्स नसेल तर नियमानं पाठवणारा वेबसाइटच्याच आयपीवर मेल द्यायचा प्रयत्न करतो. त्या यंत्रावर जाहिरातीचं पान आहे, मेल घेणारं कुणी नाही. दार वाजतं, कुणी उघडत नाही, म्हणून पाठवणारा "तात्पुरती अडचण" समजून परत परत येतो. ताईंना सुरुवातीला जो उशीर दिसला तो हा.

रिडेम्प्शनमध्ये रजिस्ट्री नावच डीएनएसमधून काढून टाकते. मग विचारल्यावर "असं नावच नाही" हे पक्कं उत्तर मिळतं. परत प्रयत्न कशाचा करायचा? मेल त्याच मिनिटाला माघारी.

मास्तरांच्या ५ दिवसांबद्दल. मेलच्या प्रमाण नियमांत चार-पाच दिवस तरी प्रयत्न करा असं आहे खरं, पण किती थांबायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. स्क्रीनशॉटमध्ये ४६ तास आहेत, ते संपले की त्या व्यापाऱ्याला नापास झाल्याचा मेल येईल. म्हणजे आज डोमेन सुरू केलं तर गेल्या दोन-तीन दिवसांतले काही मेल येतील. आठ दिवसांपूर्वीचे आपोआप येणार नाहीत, ते पाठवणाऱ्याकडे परत गेलेत. आणि काही पार्किंगवाले "आम्ही मेल घेतच नाही" अशी नोंद लावतात, तिथं तर रांगच लागत नाही.

---

नांदेडचा_मास्तर | १५ जून, दुपारी २:१०

माझ्या कॉलेजच्या सर्व्हरला ५ दिवसच लावलेले आहेत, त्यावरून बोललो. पण जुने मेल तरी आहेत ना? की पार्किंगवर गेल्यावर तेही गेले?

---

वाळूजकर | १५ जून, दुपारी २:२५

जुने मेल होस्टिंगवर आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही. साइटच्या फायलींचंही तेच. परळीकरांनी सांगितलेला बॅकअप घ्यायला हरकत नाही, पण त्यानं डोमेन सुटत नाही.

उदगीरकर, हे नीट वाचा. ऑफिसमधल्या फोनवर मेलचं ॲप `mail.तुमचं-नाव.com` ला जोडायला जात असणार. ते नावही आता पार्किंगच्या यंत्राकडे जात असेल. ॲप "सर्टिफिकेट जुळत नाही, तरी पुढे जायचं का" असं विचारेल. हो म्हणायचं नाही, कारण पुढे ते तुमचा पासवर्ड तिकडे पाठवणार. जुने मेल बघायचे तर होस्टिंग घेताना आलेल्या पहिल्या मेलमध्ये सर्व्हरचं स्वतःचं नाव असतं, ते टाकून वेबमेल उघडा. सीपॅनल असेल तर असं:

```
https://सर्व्हरचं-नाव:2096
```

---

सायबर_परळी | १५ जून, दुपारी ३:००

मी म्हणतो एवढा घोळ कशाला? दुसऱ्या स्वस्त कंपनीकडे ट्रान्सफर करा. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या वर्षी सूट असते, ट्रान्सफरमध्ये एक वर्ष वाढूनही मिळतं.

---

वाळूजकर | १५ जून, दुपारी ३:२०

रिडेम्प्शनमध्ये ट्रान्सफर होतच नाही. आत्ताच्या काळात होऊ शकतो, पण त्यात काही दिवस जातात, जुना रजिस्ट्रार पैसे थकले म्हणून अडवू शकतो, आणि तोवर साइट पार्किंगवरच. दोन-तीनशे रुपये वाचवायला दाळमिलचा मेल अजून आठवडाभर बंद ठेवायचा? आधी जिथं आहे तिथं रिन्यू करा, हौस नंतर.

---

उदगीरकर | १५ जून, संध्याकाळी ६:४५

नवीनच अडचण. रजिस्ट्रारच्या पॅनलचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. "फॉरगॉट पासवर्ड" केलं तर लिंक ऑफिसच्या मेलवर जाते, आणि तोच तर बंद आहे! कस्टमर केअरवाली म्हणते, नोंदीतल्या ईमेलवरूनच मागणी करा.

---

गोदाकाठ_पैठण | १५ जून, संध्याकाळी ७:०५

अगदी हेच आमच्याकडे. संस्थेचं पॅनकार्ड, नोंदणीपत्र, लेटरहेडवर अर्ज, सगळं पाठवलं, तरी "तपासणी चालू आहे" यातच आमचे सवलतीचे दिवस संपले. दंड भरावा लागला तो त्यामुळंच.

दादा, कस्टमर केअरला हे विचारा की लॉगिन न करता फक्त पैसे भरता येतात का. काही जण घेतात. रिन्यू कुणीही केलं तरी मालक बदलत नाही, त्यामुळं त्यांचंही काही बिघडत नाही.

---

उदगीरकर | १६ जून, सकाळी ११:३०

झालं एकदाचं. पॅनलवर दुसरा ईमेल त्या पोराचा स्वतःचा जीमेल होता. मी त्याला लिलावाचं सांगितलं तेव्हा कुठं त्यानं उघडून बघितलं. तिन्ही सूचना तिथं प्रमोशन्समध्ये पडून होत्या, मे महिन्यातल्या दोन आणि ५ जूनची एक. त्यानंच लॉगिन करून सकाळी साडेनऊला पैसे भरले. साधी फी लागली, दंड नाही.

पण तीन गोष्टी कळेनात. हूइजमध्ये वरची तारीख २०२७ च आहे, एक वर्षाचे पैसे भरूनही पुढं सरकली नाही. माझ्या मोबाइलवर साइट दिसते, मिलमधल्या वायफायवर अजून जाहिराती. आणि मेल काही आलेत, काही नाही. पैसे बुडाले का?

---

वाळूजकर | १६ जून, दुपारी १:४०

बुडाले नाहीत. वरची तारीख ३ जूनलाच पुढं गेलेली होती, तुम्ही त्याच वर्षाचे पैसे आज दिलेत. ती आता परत का सरकेल? खालची रजिस्ट्रारची ओळ बघा, ती २०२७ झालेली असेल. दोन्ही सारख्या झाल्या म्हणजे काम झालं.

वायफायचं म्हणाल तर, डॉट कॉममध्ये कुठल्या नावाचे नेमसर्व्हर कोणते ही नोंद दोन दिवस, म्हणजे १,७२,८०० सेकंद, जपून ठेवायची मुभा असते. मिलच्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरनं पार्किंगचे नेमसर्व्हर जपून ठेवलेत, तुमच्या मोबाइल कंपनीच्या सर्व्हरनं नवे उचलले. मेलचंही तेच, ज्याच्या सर्व्हरला नवा रस्ता कळला त्याचे येतील. १८ तारखेच्या दुपारपर्यंत थांबा. त्याच्या पुढंही जाहिराती दिसल्या तर पॅनलवर नेमसर्व्हर बघा, काही वेळा रिन्यू झाल्यावर ते आपोआप जुन्यावर येत नाहीत, हातानं टाकावे लागतात. बघायला हे पुरे:

```
nslookup -type=ns example.com
nslookup -type=mx example.com
```

---

नांदेडचा_मास्तर | १६ जून, दुपारी २:१५

वाळूजकर, डॉट इनलाही हेच दिवस का? आमच्या कॉलेजच्या एका विभागाचं डॉट इन ऑगस्टमध्ये संपतंय.

---

वाळूजकर | १६ जून, दुपारी २:३५

देशांच्या डोमेनला आयकॅनचा हा नियम लागत नाही. डॉट इनची रजिस्ट्री निक्सीकडे, तिथले नियम तिचे. डॉट कॉमचे आकडे त्याला लावू नका. ऑगस्टचं आहे ना, मग आत्ताच भरा, मुदत संपायच्या तारखेलाच पुढं वर्ष जोडलं जातं, आधी भरल्यानं दिवस कमी होत नाहीत.

---

उदगीरकर | १८ जून, रात्री ८:५०

साइट सगळीकडं दिसली, मिलमध्येही. ज्या व्यापाऱ्यांचे फोन आले होते त्यांना मेल परत धाडायला सांगितलं. ज्यांनी फोनच केला नाही, त्यांचं काय आलं न आलं, कळायला मार्ग नाही. मेव्हणे म्हणतात एखादा सौदा गेलाच असेल.

आता एक राहिलं. पॅनलमध्ये मालक म्हणून त्या पोराचं नाव आहे, दाळमिलचं नाही. मेव्हणे म्हणतात नाव बदलून घ्या, पोरगा म्हणतो "चाललंय की, दरवर्षी मीच भरतो." उगाच वाद नको म्हणून विचारतो, बदलायलाच पाहिजे का?

---

गोदाकाठ_पैठण | १८ जून, रात्री ९:१०

पाहिजेच, दादा. पोरगं चांगलं असेल, पण उद्या नंबर बदलला तर तुम्ही रजिस्ट्रारच्या लेखी कुणीच नाही.

---

सायबर_परळी | १८ जून, रात्री ९:३०

पण पोरानं इतकी वर्षं सांभाळलं, त्याला हिशेब नको का? आम्ही गिऱ्हाइकांची डोमेनं आमच्याच नावावर ठेवतो, नाहीतर लोक रिन्यूच करत नाहीत. पैसे मागायला गेलं की फोन उचलत नाहीत.

---

वाळूजकर | १८ जून, रात्री १०:१५

परळीकर, याच सवयीमुळं असे धागे निघतात. भरायचं काम तुमच्याकडे ठेवा, मालकीच्या रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव टाका. दोन्ही एकत्र चालतं.

उदगीरकर, नाव बदलताना खात्री करून घेणारा मेल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांवर येऊ शकतो, तेव्हा पोराला शेजारी बसवूनच करा. मालकाचा ईमेल म्हणून मिलचा त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका, मेव्हण्यांचा साधा जीमेल द्या. आणि जीएसटी, बँक, ट्रान्सपोर्टवाल्यांची पोर्टलं यांत ऑफिसचा मेल कुठं कुठं दिलाय त्याची यादी काढा. नाव लिलावात गेलं असतं तर नव्या मालकाला त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल घेता आला असता, पासवर्ड बदलायच्या लिंकासकट.

---

उदगीरकर | १८ जून, रात्री १०:४०

यादी काढायला बसलो, जीएसटीला तोच मेल आहे आणि बँकेलाही. पोराला रविवारी बोलावलंय. यायला तयार आहे, नाव बदलायचं म्हटलं की गप बसतो. बघू.